एक वीत मागे या: फोनने कागद आणि क्यूआर कोड स्कॅन करताना

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. जून-जुलैत शिष्यवृत्ती आणि प्रवेशाचे फॉर्म सुरू झाले की दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर कागदांचे फोटो येत राहतात. त्यातले बरेच मला परत मागवावे लागतात. मुलं म्हणतात, "दादा, पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, तरी ब्लर कसा?" मी विचारतो, "फोन कागदापासून किती लांब धरला होतास?" उत्तर बहुतेक वेळा हातानेच मिळतं. चार बोटांचं अंतर दाखवतात.

गडबड तिथेच असते. अक्षर बारीक दिसलं की आपण फोन जवळ नेतो. डोळ्यांची ती सवय आहे. कॅमेऱ्याच्या भिंगाला मात्र एक हद्द असते आणि तिच्या आत आलेली कुठलीही वस्तू त्याला स्पष्ट दिसत नाही. हद्द प्रत्येक फोनची वेगळी. गंमत अशी की फोन जितका महाग आणि आतला उजेड टिपणारा सेन्सर जितका मोठा, तितकी मुख्य कॅमेऱ्याची ही हद्द सहसा लांब जाते. साध्या फोनचा मुख्य कॅमेरा दहा सेंटीमीटरवरही फोकस करतो, तर मोठ्या सेन्सरच्या फोनला वीस ते पंचवीस सेंटीमीटर लागतात. म्हणून नवा फोन घेतल्यावर "जुन्यात कागद चांगले यायचे" अशी तक्रार ऐकू येते, आणि ती खोटी नसते.

आधी आपल्या फोनची हद्द मोजा

पाच मिनिटांचं काम आहे, एकदाच करायचं. टेबलावर वर्तमानपत्र पसरा, छोट्या जाहिरातींचं पान असेल तर उत्तम. शेजारी शाळेची फूटपट्टी उभी धरायला कुणाला तरी सांगा. फोनचा नेहमीचा कॅमेरा उघडा, झूम १ वर ठेवा आणि फोन पाच सेंटीमीटरवर आडवा धरा. पडद्यावर मधल्या अक्षरांवर बोट टेकवा, म्हणजे कॅमेरा तिथे फोकस करायला बघेल. चित्र धूसरच राहिलं तर हळूहळू वर न्या आणि दर दोन सेंटीमीटरला पुन्हा बोट टेकवा. ज्या उंचीवर अक्षरं पहिल्यांदा कोरल्यासारखी दिसतील ती तुमची हद्द. माझ्या फोनची अठरा सेंटीमीटर आहे.

हे करताना एक चकवा असतो. काही फोनमध्ये खूप जवळ गेलं की चित्र क्षणभर उडी मारतं आणि एकदम स्पष्ट होतं. त्या वेळी फोनने गुपचूप मुख्य कॅमेरा सोडून वाइड कॅमेरा घेतलेला असतो. आयफोनवर तेव्हा पिवळ्या फुलाचं छोटं चिन्ह दिसतं, ते दाबलं की मुख्य कॅमेरा परत येतो. वाइड कॅमेरा फुलाच्या पाकळीसाठी ठीक आहे. कागदाच्या मात्र कडा तो वाकवतो आणि कोपरे मऊ करतो. आणि स्वस्त फोनच्या पाठीवर "मॅक्रो" म्हणून जो तिसरा ठिपका असतो, तो बहुतेक वेळा दोन मेगापिक्सेलचा असतो आणि त्याचा फोकस एकाच अंतराला कायमचा बांधलेला असतो. कागदासाठी तो विसरून जा.

फूटपट्टी रोज सोबत नसते. हाताची वीत असते. मोठ्या माणसाची वीत साधारण वीस-बावीस सेंटीमीटर भरते, तिच्यात दोन बोटं मिळवली की पंचवीसच्या आसपास. कागदावर अंगठा टेकवून वीत उभी धरायची आणि करंगळीच्या दोन बोटं वर फोन. मी दुकानात सगळ्यांना हेच शिकवतो.

पंचवीस सेंटीमीटर पुरतात का?

पुरतात, आणि त्याचं गणित सोपं आहे. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला पंचवीस सेंटीमीटर उंचीवरून साधारण ३३ बाय २५ सेंटीमीटरचा भाग दिसतो. ए-फोर कागद २९.७ बाय २१ सेंटीमीटरचा. म्हणजे पूर्ण कागद बसतो आणि भोवती दीड-दोन सेंटीमीटर मोकळे राहतात. कॅमेरा किती का मेगापिक्सेलचा असेना, फोटो बहुधा बारा मेगापिक्सेलचा निघतो, म्हणजे लांबीत ४००० ठिपके. ते ३३ सेंटीमीटरवर वाटले की एका सेंटीमीटरला सुमारे १२० ठिपके येतात. स्कॅनरच्या भाषेत हे ३०० डीपीआय झालं, म्हणजे एका इंचाला ३०० ठिपके, आणि माझ्या दुकानातलं मोठं स्कॅनिंग मशीनही मी ३०० वरच ठेवतो.

आता आधार कार्ड घ्या. कार्ड साडेआठ सेंटीमीटर लांब, त्याने पूर्ण चौकट भरायची तर फोन साडेसहा सेंटीमीटरवर न्यावा लागेल, आणि तिथे बहुतेक फोनचा फोकस तुटतो. पण कार्ड चौकटीत लहान दिसलं म्हणून बिघडत नाही. त्याच पंचवीस सेंटीमीटरवरून त्यालाही एका सेंटीमीटरला तेवढेच १२० ठिपके मिळतात. कार्डावरचं दीड मिलिमीटर उंचीचं अक्षर १८ ठिपक्यांत बसतं, आणि तेवढ्यात ते आरामात वाचता येतं. बाकीची चौकट नंतर कापून टाकायची. चौकट भरलीच पाहिजे असं वाटत असेल तर झूम २ करा, पण हात तिथेच ठेवा. तीन पट किंवा पाच पट झूमवर जाऊ नका. त्याची लांब पल्ल्याची भिंगं जवळचा कागद बघायला बनलेली नसतात. मग फोन पुन्हा मुख्य कॅमेऱ्यावर येऊन तेच चित्र ताणून दाखवतो.

ब्लर कुठला, ते शिरोरेखेला विचारा

अस्पष्ट फोटो आला की लोक लगेच कॅमेऱ्याला शिव्या देतात. पण अस्पष्टपणा तीन-चार प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. देवनागरीत ते ओळखणं फार सोपं जातं, कारण आपल्या लिपीत आडव्या आणि उभ्या रेघा भरपूर आहेत. फोटो मोठा करून एका ओळीकडे बघा.

शिरोरेखा धारदार आहे पण काने जाड आणि दुहेरी झालेत? हात आडवा हलला. उलट काने नीट आहेत आणि शिरोरेखा फाटल्यासारखी दिसते? हात उभा हलला. दोन्ही वेळा फोकस बरोबर होता, उजेड कमी पडला. उजेड कमी असला की कॅमेरा फोटो काढायला जास्त वेळ घेतो, आणि तेवढ्यात हात हलतो. खिडकीपाशी जा, कोपरं टेबलाला टेकवा. पडद्यावरचं बटण दाबताना फोन डोलतो, त्यापेक्षा आवाजाचं बटण वापरा किंवा तीन सेकंदांचा टायमर लावा.

शिरोरेखा आणि काना दोन्ही सारखेच फुगलेत, अनुस्वाराचा ठिपका धुक्यात विरघळलाय? मग फोकस चुकला. जवळ गेला असाल, मागे या.

मधला मजकूर सुरेख आणि एकाच बाजूचा पुसट? फोन तिरका धरला होता. मोठ्या सेन्सरच्या फोनमध्ये एवढ्या जवळून जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर खोलीच स्पष्ट येते. फोन जरा कलला की कागदाची लांबची कड तिच्याबाहेर जाते. स्कॅनचं अ‍ॅप तिरका कागद ओढून चौकोनी करतं, त्यामुळे दिसायला सगळं सरळ होतं, पण गेलेलं अक्षर काही परत येत नाही. घडी पडलेल्या जुन्या सातबाऱ्याचंही तेच. मधली घडी वर उचललेली असते. रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा, किंवा वर स्वच्छ काच ठेवून फोटो घ्या आणि मग काचेवरच्या चमकेकडे लक्ष द्या.

आणि सगळा फोटो दुधाळ, काळी अक्षरंही राखाडी? भिंगावर बोटाचं तेल आहे. सुती कापडाने पुसा. सर्वांत जास्त सापडणारा आणि सर्वांत स्वस्तात बरा होणारा दोष हा.

फ्लॅश

माझं मत सांगतो: कागदासाठी फोनचा फ्लॅश हा शेवटचा पर्याय. त्याचं कारण फ्लॅशच्या जागेत आहे. तो भिंगापासून सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरवर असतो. फोन कागदावर सरळ धरला की फ्लॅशचा उजेड गुळगुळीत पृष्ठभागावरून उलटा भिंगातच येतो, आणि बरोबर मधोमध पांढरा डाग पडतो. लॅमिनेशन केलेल्या कागदावर तर तो हमखास पडतो. मधोमध काय असतं? गुण, रक्कम, नाव.

दुसरं म्हणजे उजेड सारखा पसरत नाही. पंचवीस सेंटीमीटरवरून ए-फोर कागदाच्या कोपऱ्याला मधल्या भागाच्या जेमतेम निम्मा उजेड मिळतो. जितकं जवळ जाल तितका हा फरक वाढतो. मग कोपऱ्यातला गोल शिक्का आणि सही काळोखात, आणि मधलं सगळं पांढरंफटक.

तुमच्या फोनचा फ्लॅश कसा आहे ते बघायचं असेल तर रात्री दिवा बंद करून कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फ्लॅशसह फोटो काढा. मधे गोल झोत आणि कडेला अंधार किती आहे ते बघा. मग रंग बघा. स्वस्त फ्लॅशमध्ये मधला भाग निळसर आणि कडा पिवळट येतात. ज्या फोनला एक पांढरा आणि एक पिवळसर असे दोन दिवे असतात, त्यांचा रंग जरा बरा येतो. अ‍ॅपलने २०१३ मध्ये आयफोन ५एसला असा जोडफ्लॅश दिला होता. कागदाला रंगाचं काय, असं वाटेल. पण जांभळा रबरी शिक्का आणि निळ्या शाईची सही चुकीच्या रंगाच्या, झगझगीत उजेडात फिकी पडते, आणि अर्ज तपासणारा नेमकं तेच शोधत असतो.

उजेड हवाच असेल तर घरातला दुसरा फोन घ्या. त्याची टॉर्च लावून तो बाजूने, कागदापासून हातभर लांब, तिरका धरायला सांगा. तिरका उजेड पलीकडे परावर्तित होतो, भिंगात येत नाही. आणखी चांगलं म्हणजे टॉर्च पांढऱ्या भिंतीकडे वळवा आणि भिंतीवरून परतणाऱ्या मऊ उजेडात फोटो घ्या. याच तिरक्या टॉर्चचा एक खास उपयोग आहे. नोटरीचा शाई नसलेला, नुसता दाबून उमटवलेला शिक्का समोरच्या उजेडात अजिबात दिसत नाही. टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून एका बाजूने मारली की उठावाच्या सावल्या पडतात आणि शिक्का वाचता येतो.

घरातल्या एलईडी दिव्याखाली पडद्यावर आडवे काळसर पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो आणि कॅमेरा ते पकडतो. जागा बदला किंवा दुसरा दिवा लावा.

एक लॅमिनेट केलेलं गुणपत्रक

मागच्या वर्षी एक काकू मुलाचं दहावीचं गुणपत्रक घेऊन आल्या. कागद जपायचा म्हणून कडक लॅमिनेट केलेलं. घरून फोनवर काढलेली प्रत कार्यालयाने "अस्पष्ट" म्हणून परत पाठवली होती. मी फोटो मोठा करून पाहिला. एकूण गुणांवर फ्लॅशचा गोळा, वरच्या ओळीत ट्यूबलाइटची पांढरी पट्टी, आणि आईच्या नावातला अनुस्वार गायब. एका फोटोत तीन दोष.

आम्ही असं केलं. टेबल दाराजवळ ओढलं, म्हणजे उजेड डाव्या बाजूने यायला लागला. ट्यूब आणि फ्लॅश दोन्ही बंद केले. गुणपत्रकाखाली गडद निळी फाइल ठेवली, कारण पांढऱ्या टेबलावर पांढऱ्या कागदाची कड अ‍ॅपला सापडत नाही. मग फोन न उघडता मी नुसता वरून, जिथे फोन येणार होता तिथून, डोळ्याने पाहिलं. दाराची चमक उजव्या कडेवर दिसत होती. गुणपत्रक चमकेपासून वीतभर बाजूला सरकवलं, चमक गेली. डोळ्याला चमक दिसत नसेल तर भिंगालाही दिसत नाही. ही तपासणी फोन हातात घेण्याआधी करायची.

फोन वीत आणि दोन बोटं उंचीवर. भोवतीची फाइल चारी बाजूंनी सारखी दिसते ना, ते पाहिलं, म्हणजे फोन तिरका नाही. बारीक छपाईवर बोट टेकवलं. शेजारी सूर्याचं चिन्ह आलं, ते थोडं खाली ओढलं, कारण गडद फाइलमुळे कॅमेरा कागद जास्तच उजळ करत होता आणि शिक्का फिकट दिसत होता. श्वास रोखून आवाजाचं बटण दाबलं.

अ‍ॅप कुठलं? अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमधलं स्कॅन, आयफोनवर नोट्समधलं. दोन्ही फुकट, दोन्ही कागदाची कड शोधून पीडीएफ करतात. लोक अजूनही "कॅमस्कॅन करून पाठव" म्हणतात, पण ते कॅमस्कॅनर अ‍ॅप २०२० च्या जूनमध्ये सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये होतं. स्कॅन झाल्यावर अ‍ॅप काळ्या-पांढऱ्या फिल्टरचा मोह घालतं. त्यात मजकूर छापल्यासारखा दिसतो, पण फिका शिक्का नाहीसा होतो. रंगीतच ठेवा.

काकूंनी मग ते मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवायला घेतलं, आणि मी थांबवलं. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर आणतं. चार हजार मिळवायला एवढी कसरत केली ती वाया. पिन दाबून "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. फॉर्मच्या साइटवर काहीशे केबीची मर्यादा असेल तर मूळ फाइल जपून ठेवा आणि तिची वेगळी लहान प्रत करा.

क्यूआर कोड: इथे तर जवळ जाणं हमखास नडतं

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी बनवला, गाडीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. तीन कोपऱ्यांतले चौकोन फोनला "इथे कोड आहे आणि तो असा फिरलाय" हे सांगतात. आतल्या बारीक काळ्या-पांढऱ्या चौकटी म्हणजे माहिती. कोड बनवताना ठरवलं तर जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, म्हणून दुकानातल्या स्टिकरच्या मधोमध लोगो चालतो. पण कोपऱ्यातला चौकोन फाटला किंवा त्यावर चमक पडली तर फोनला कोडच सापडत नाही. भोवतीची पांढरी किनारही लागते, चार चौकटींच्या रुंदीएवढी. स्टँडवर बसवताना दुकानदार ती कापून टाकतात आणि मग स्कॅन होत नाही म्हणून फोन बदलतात.

भाजीवाल्याकडचा मोठा कोड कुठूनही वाचला जातो. अंदाज असा की कोडच्या रुंदीच्या दहा पट अंतरापर्यंत चालतं. आठ सेंटीमीटरचा कोड ऐंशी सेंटीमीटरवरून. गाडीवरून वाकून फोन त्याला टेकवायची गरज नाही. स्टँडवर चमक असेल तर फोन थोडा बाजूला सरकवून तिरका धरा. कोडला तिरकेपणा चालतो, कागदाला चालत नाही.

खरी अडचण बारीक कोडची. औषधांच्या ठरावीक ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे, त्यातले काही नखाएवढे असतात. समजा कोड एक सेंटीमीटरचा आणि त्यात एका रांगेत २९ चौकटी. पंचवीस सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत एका चौकटीला चार ठिपके मिळतात, म्हणजे पुरेसे. पण स्कॅनरचं अ‍ॅप फोटो काढत नाही. ते पडद्यावरचं हलतं चित्र बघत असतं, आणि त्यात लांबीला १९२० ठिपके असले तरी नशीब म्हणायचं. मग एका चौकटीला दोनच ठिपके उरतात आणि स्कॅनर अडतो. आपण फोन जवळ नेतो, फोकस सुटतो, परत मागे, परत जवळ. असा खेळ औषधाच्या दुकानात रोज बघायला मिळतो.

त्यावर उपाय: फोन वीतभर लांबच ठेवा आणि दोन बोटांनी झूम २ करा. चौकटीला पुन्हा चार ठिपके मिळतात आणि कोड पटकन वाचला जातो. स्कॅनरमध्ये झूम नसेल तर साध्या कॅमेऱ्याने फोटो काढा आणि गॅलरीतून गूगल लेन्समध्ये उघडा. मग अ‍ॅपला पूर्ण बारा मेगापिक्सेल मिळतात. औषधाच्या चकचकीत पट्टीवर फ्लॅश नको. दुसऱ्याच्या मोबाइलच्या पडद्यावरचा कोड असेल तर फ्लॅशने तो दिसेनासाच होतो, त्या पडद्याचा उजेड वाढवायला सांगा.

आधारवरचा कोड हा या सगळ्यात अवघड, कारण त्यात नाव-पत्त्याबरोबर छोटा फोटो आणि डिजिटल सहीही कोंबलेली असते. चौकटी फार आणि बारीक. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर त्या एकमेकींत मिसळतात आणि कितीही चांगला फोन तिथे हरतो, म्हणून मूळ कार्ड किंवा साइटवरून उतरवलेलं ई-आधार वापरा. साध्या कॅमेऱ्याने तो वाचला की पडद्यावर आकड्यांची भलीमोठी रांग येते. कोड बिघडलेला नसतो. त्या आकड्यांतून नाव, पत्ता आणि फोटो काढून सही तपासायला यूआयडीएआयचं स्वतःचं स्कॅनर अ‍ॅप लागतं.